विकासाच्या वाक्यातला कर्ता

विकास-प्रकल्पांचे अहवाल मराठीत आणायचं काम मी काही वर्षं केलं. देश बदलायचे, विषय बदलायचे, वाक्य मात्र तेच यायचं. ‘महिलांना सक्षम करण्यात आले.’ ‘समुदायांना बाजारपेठेशी जोडण्यात आले.’ ‘शेतकऱ्यांना प्रशिक्षित करण्यात आले.’ शंभरेक पानं झाली की हात आपोआप चालतो, डोकं दुसरीकडे जातं. अशाच एका संध्याकाळी लक्षात आलं की या अहवालांतली माणसं सतत ‘ना’ प्रत्यय लावून बसलेली असतात. महिलांना, समुदायांना, शेतकऱ्यांना. प्रत्यय झटकून ती सरळ उभी राहतात ती फक्त ‘समस्या’ या शीर्षकाखाली: शेतकरी जुन्या पद्धतींना चिकटून आहेत, स्त्रिया निर्णयांत भाग घेत नाहीत. चुकायचं असेल तेव्हा कर्ता, सुधारायचं असेल तेव्हा कर्म.

आणि ज्यानं सक्षम केलं, जोडलं, प्रशिक्षित केलं, तो कुठे असतो? कर्मणी प्रयोगाची सोय अशी की त्याला यावंच लागत नाही. तो लोगोच्या रूपात मुखपृष्ठावर असतो.

मराठीत ‘विकसणे’ हे क्रियापद मुळात अकर्मक. कळी विकसते, कळीला कोणी विकसित करत नाही. विकासाच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेनं हे क्रियापद सकर्मक केलं आणि त्यातून एक नवं नातं निघालं: एक विकास करणारा, एक करवून घेणारा. या नात्याची जन्मतारीख म्हणून अभ्यासक बहुधा २० जानेवारी १९४९ सांगतात. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी शपथविधीच्या भाषणात चौथा मुद्दा म्हणून ‘अल्पविकसित’ प्रदेशांना तांत्रिक ज्ञान देण्याचा कार्यक्रम मांडला. निम्म्याहून अधिक मानवजात हलाखीत जगते आहे, तिचं अर्थजीवन आदिम आणि साचलेलं आहे, असं त्यांनी सांगितलं. ‘साचलेलं’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. साचलेल्या पाण्याला कोणी अडवलं, हा प्रश्न त्या शब्दात उरत नाही. जुन्या साम्राज्यवादाला आपल्या योजनेत जागा नाही, असंही ट्रुमन म्हणाले. त्याच आठवड्यांत डच फौजा इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकाविरुद्ध लढत होत्या आणि नेदरलँड्स मार्शल योजनेतून अमेरिकेची मदत घेत होतं.

तारखेचं महत्त्व मला थोडं फुगवलेलं वाटतं. शब्द नवा होता, वाक्यरचना जुनीच. १९१९ च्या राष्ट्रसंघाच्या करारनाम्यातलं २२ वं कलम काढून पाहावं. आधुनिक जगाच्या कठीण परिस्थितीत ज्यांना अजून स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नाही, अशा लोकांचं कल्याण आणि विकास हे सभ्यतेचं पवित्र विश्वस्तपद आहे, असं ते कलम सांगतं. आणि ते विश्वस्तपद ‘प्रगत राष्ट्रां’कडे सोपवतं. या विश्वस्तपदाच्या नावाखाली पॅलेस्टाइन आणि इराक ब्रिटनकडे, सीरिया आणि लेबनॉन फ्रान्सकडे गेले. पालकाच्या हातात मालमत्ताही राहते, हे मूल सज्ञान होईपर्यंत कोणी बोलत नाही. आणि मूल कधी सज्ञान झालं, हे पालकच ठरवतो.

लेसोथोचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. दक्षिण आफ्रिकेनं चहूबाजूंनी वेढलेला हा छोटा डोंगराळ देश. जागतिक बँकेच्या १९७५ च्या अहवालात तो आधुनिक अर्थव्यवस्थेचा जवळपास स्पर्शच न झालेला, पोटापुरतं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा पारंपरिक समाज म्हणून भेटतो. मानवशास्त्रज्ञ जेम्स फर्ग्युसन यांनी हे चित्र इतिहासाशेजारी ठेवून पाहिलं. एकोणिसाव्या शतकात हेच बासुथो लोक शेजारच्या वसाहतींना धान्य विकत होते. १८६० च्या दशकातल्या युद्धांत त्यांची सुपीक जमीन डच वंशाच्या बोअर वसाहतवाल्यांनी हिसकावली. उरलेल्या जमिनीवर पोट भरेना, तेव्हा पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत उतरले. पिढ्यान्‌पिढ्या. १९७० च्या दशकात तिथल्या खेड्यांचं घर चालायचं ते मुख्यतः खाणीतल्या पगारावर.

म्हणजे ज्यांना ‘स्पर्श न झालेले’ म्हटलं, ते जगातल्या सगळ्यात आधुनिक सोन्याच्या खाणींचे मजूर होते. मग अहवाल असं का लिहितो? तज्ज्ञांना माहिती नव्हती म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. लेसोथो म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीची मजूरवसाहत, असं एकदा लिहिलं की उपाय राजकीय होतो. मजुरीचे दर, काळ्यांची ये-जा रोखणारे पासचे कायदे, जमिनीचा ताबा. विकास-संस्थेच्या पेटीत त्यावर औषध नाही. तेच लेसोथो अडाणी शेतकऱ्यांचा देश ठरला, की रस्ता, सुधारित बियाणं आणि पशुधन-व्यवस्थापन ही सगळी औषधं पेटीत तयार. रोगाचं निदान औषधाकडे बघून केलं जातं.

थाबा-त्सेका या डोंगराळ भागात जागतिक बँक आणि कॅनडाच्या मदतीनं जो मोठा प्रकल्प झाला, त्यानं गुरं विकायला शिकवण्याचा आटापिटा केला. लोक विकेनात. परंपरेची पकड, असा शेरा पडला. फर्ग्युसन दाखवतात की दूर खाणीत काम करणाऱ्या पुरुषासाठी गुरं ही म्हातारपणाची ठेव होती. रोख रक्कम घरात असली तर ती खर्चायचा हक्क बायकोसकट घरातल्या सगळ्यांना मागता येतो; गाय विकून टाकणं मात्र इतकं सहज घडत नाही. हा घरातला हिशेब होता, चांगला विचार करून केलेला, आणि त्यात बायकांचं नुकसानही होतं. पण हिशेब करणारा माणूस त्या शेऱ्यात मावत नव्हता. शेती-पशुपालनाच्या बाबतीत प्रकल्प फसला. रस्ता मात्र झाला, आणि त्या रस्त्यानं सरकारी कचेऱ्या आणि सैनिक आले.

चित्रांची भाषा याहून सोपी आणि म्हणून जास्त चिवट. १९८४ च्या इथिओपियाच्या दुष्काळावर ब्रिटन-आयर्लंडमधल्या नामवंत गायकांनी गायलेलं एक नाताळगीत जगभर खपलं. त्यात जिथे काही उगवत नाही, पाऊस नाही, नद्या नाहीत, असा प्रदेश आहे आणि तिथल्या लोकांना नाताळ आहे हे तरी ठाऊक असेल का, असा प्रश्न आहे. नील नदीचा निळा प्रवाह त्याच देशात उगम पावतो. चौथ्या शतकात ख्रिस्ती झालेलं ते राज्य आहे. गीतानं जमवलेल्या पैशानं जीव वाचले, हे नाकारण्यात काही अर्थ नाही. पण दुष्काळ सगळ्यात भीषण होता तो उत्तरेकडच्या तिग्राय आणि वोलो या प्रांतांत, आणि तिग्रायमध्ये तेव्हा युद्ध चालू होतं. मेंगिस्तूच्या लष्करी राजवटीनं बंडखोर भागांत उपासमारीलाच हत्यार केलं होतं. त्याच भागांत बंडखोरांच्या बाजूची स्थानिक मदतसंस्था सुदानच्या सीमेवरून रात्री ट्रकनं धान्य आणत होती. हे लोक कॅमेऱ्यात आले नाहीत. कॅमेऱ्यात आलं ते डोळ्यांवर माश्या बसलेलं मूल, आई नसलेलं, नाव नसलेलं, जणू उन्हानंच भुकेलं केलेलं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर ही टीका फार स्वस्त होते. ‘पाश्चात्त्यांनी आम्हाला वस्तू केलं’ हे वाक्य मेंगिस्तूलाही सोयीचं होतं. वसाहतवादाच्या विरोधाची भाषा अनेक राज्यकर्त्यांनी तोंडपाठ केली आणि आपल्याच देशातल्या आदिवासींशी, पशुपालकांशी, स्त्रियांशी त्याच ‘ना’ प्रत्ययानं बोलत राहिले. विस्थापितांना पुनर्वसित करण्यात आले. कर्ता बदलला, कर्म तेच. आणि दुसरीकडे विकास ही कल्पनाच पाश्चात्त्य कारस्थान आहे, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. दवाखाना, नळाचं पाणी, मुलीची शाळा ही लोकांची स्वतःची मागणी असते, बहुतेकदा भांडून केलेली. भांडून केलेली मागणी अहवालात ‘गरज’ होते, आणि मागणारा ‘लाभार्थी’. अर्थी म्हणजे याचक.

वाक्यातला कर्ता गेला की भूतकाळही जातो, याचा सगळ्यात स्वच्छ नमुना हैतीचा आहे. बातम्यांत तो पश्चिम गोलार्धातला सर्वांत गरीब देश म्हणून येतो, जणू ते त्याचं आडनावच आहे. तिथल्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स यानं युद्धनौका पाठवून फर्मान बजावलं: स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल तर मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेपोटी १५ कोटी फ्रँक भरा. त्या मालमत्तेत पैसे भरणाऱ्यांची स्वतःची शरीरंही मोजली होती. पहिला हप्ता भरायला हैतीनं फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढलं. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, पण त्यापायी काढलेल्या कर्जांचा शेवट व्हायला १९४७ साल उजाडलं. सव्वाशे वर्षं या देशानं श्रीमंतांना मदत केली. याला मदत म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर जग हैतीला वाचवायला धावलं. मदतीच्या पैशांतला अगदी किरकोळ भाग हैतीच्या सरकारच्या हाती गेला. ते भ्रष्ट आणि दुबळं आहे, असं सांगितलं गेलं, आणि पैसा बाजूनं नेल्यावर ते आणखी दुबळं झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून कॉलरा नदीत उतरला. हजारो माणसं मेली. आपला त्यात वाटा असल्याचं संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलं ते २०१६ मध्ये. तोवर मथळे कॉलऱ्याशी झुंजणाऱ्या हैतीचे होते. साथ ‘आली’ होती. अकर्मक क्रियापद.

त्याआधी एकदा हैतीनं वाक्य उलटं करून पाहिलं होतं. एप्रिल २००३ मध्ये अध्यक्ष झाँ-बर्त्राँ अरिस्तीद यांनी फ्रान्सकडे मदत मागितली नाही, त्या जुन्या वसुलीचं बिल पाठवलं: २१ अब्ज ६८ कोटी ५१ लाख ३५ हजार ५७१ डॉलर आणि ४८ सेंट. सेंटांची चेष्टा झाली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, सशस्त्र बंड राजधानीपर्यंत येऊन ठेपलं असताना, अरिस्तीद यांना अमेरिकेच्या विमानातून देशाबाहेर नेण्यात आलं. ‘नेण्यात आलं’ हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ते स्वतः गेले की त्यांना नेलं, यावर तेव्हाही वाद होता आणि अजून आहे.