मुदत ठेव पावती क्र. 5731 : मुदत संपूनही रक्कम न मिळाल्याबाबत

दिनांक : 19 मे 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
नागरी सहकारी पतसंस्था,
बाजारपेठ शाखा, कराड

प्रत : मा. अध्यक्ष, संचालक मंडळ

महोदय,

मी आपल्या संस्थेचा सभासद (क्र. 2187) आहे. माझ्या व पत्नीच्या नावे 14 मार्च 2023 रोजी 2,00,000 रुपयांची ठेव 24 महिन्यांसाठी ठेवली होती. व्याजदर 9 टक्के, तिमाही चक्रवाढ. पावतीवर छापलेली मुदतपूर्तीची रक्कम 2,38,966 रुपये आहे. ठेव 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीची असल्याने एकाच्या सहीने रक्कम देता येते. या पावतीवर ठेवतारण कर्ज नाही, आणि मी कोणाच्या कर्जाला जामीनही नाही.

मुदत 14 मार्च 2025 ला संपली. त्या दिवशी धुळवडीची सुट्टी होती, म्हणून 15 मार्चला पावतीची झेरॉक्स, दोघांचे पॅन व आधार आणि माझ्या बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश जोडून अर्ज दिला. आवक क्र. 412, पोच माझ्याकडे आहे. काउंटरवर आधी 'मार्च एंड होऊ द्या', एप्रिलमध्ये 'वसुली आली की देतो', आणि गेल्या आठवड्यात 'निम्मी घ्या, निम्मी रिन्यू करा' असे सांगण्यात आले. यातले एकही उत्तर लेखी नाही. नूतनीकरणास माझी संमती नाही. तसे परस्पर केल्यास ते मला मान्य राहणार नाही.

मूळ पावती मागे महसूल तिकिटावर सही करून जमा करा, रक्कम नंतर मिळेल, असे आपल्या लिपिकांनी सुचवले. ती मी दिलेली नाही. तिकिटावर सही झालेली पावती म्हणजे पैसे मिळाल्याची कबुली, आणि ती संस्थेच्या फाईलमध्ये गेली की माझ्या हातात काहीच उरत नाही. रक्कम देताना, त्याच टेबलावर, मी सही करून मूळ पावती देईन.

रक्कम आपल्याकडील माझ्या बचत खात्यात वर्ग करू नये. त्या खात्यातून दिवसाला 5,000 पेक्षा जास्त मिळणार नाही असा फलक रोखपालांच्या खिडकीवर लावला आहे. म्हणजे कागदावर ठेव फिटली आणि पैसे तिथेच, रोज रांगेत उभे राहून 48 दिवसांत काढायचे. आयकर कायद्याच्या कलम 269टी प्रमाणे 20,000 किंवा त्याहून अधिक ठेवीची परतफेड रोखीने करता येत नाही, त्यामुळे एनईएफटी किंवा खात्यात जमा होणारा रेखांकित धनादेश हाच मार्ग आहे.

विलंबाचे व्याजही हवे. मुदत संपल्यावर ठेव माझ्या हलगर्जीपणाने पडून राहिलेली नाही, मागणी करूनही दिली गेलेली नाही. म्हणून बचत खात्याचा दर लागू करू नये. 9 टक्क्यांनी रोजचे 58.92 रुपये, आजपर्यंत 66 दिवसांचे 3,889 रुपये होतात.

पुढील गोष्टींचे लेखी उत्तर द्यावे :

1. रक्कम नेमक्या कोणत्या तारखेला मिळेल?
2. माझ्यानंतर मुदत संपलेल्या ठेवी आधी दिल्या आहेत का? क्रम कोण ठरवते?
3. एकरकमी देणे शक्य नसेल, तर जास्तीत जास्त तीन हप्ते, प्रत्येकाच्या तारखेसह. हप्त्यांचे धनादेश जिल्हा बँकेतील संस्थेच्या खात्याचे असावेत. संस्थेच्या लेटरहेडवरचे आश्वासन वटत नाही.

तसेच सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 32 नुसार शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि माझ्या ठेवीच्या खातेउताऱ्याची पाहणी करायची आहे. 26 मेला सकाळी 11 वाजता येईन. प्रतींचे शुल्क भरीन.

संस्थेची अडचण वसुलीची असेल तर ती मी समजू शकतो; पण पतसंस्थेतील ठेवीला बँकेसारखे ठेव विमा संरक्षण नाही, त्यामुळे तोंडी भरवशावर थांबणे मला परवडणारे नाही. 3 जूनपर्यंत रक्कम किंवा लेखी तारीख न मिळाल्यास तालुका उपनिबंधकांकडे तक्रार व त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. ठेवीदार हितसंबंध संरक्षण अधिनियम 1999 खाली परतफेडीतली लबाडी दाखवावी लागते. आज माझा तसा आरोप नाही.

या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घालून द्यावा. हेच पत्र रजिस्टर पोस्टानेही पाठवत आहे.

आपला,
रघुनाथ शिंदे
सभासद क्र. 2187

सोबत : पावतीच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, 15 मार्चच्या अर्जाची पोच, रद्द केलेला धनादेश