आता बरी आहे, म्हणून लिहितेय

मित्रमैत्रिणींनो,

गेले काही महिने मी कुठेच नव्हते. मला गुलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस झाला होता. आता घरी आहे, वॉकर धरून चालते आणि हे स्वतःच्या हातांनी टाइप करतेय.

आजाराचं नाव मुद्दाम सांगतेय. आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते, तो हा आजार. बऱ्याचदा जुलाब किंवा सर्दी-ताप येऊन गेल्यानंतर होतो. माझंही तसंच झालं. आधी तळपायांना मुंग्या आल्या, मग जिना चढवेना, मग हातातून कप सुटायला लागला. अशी कमजोरी पायांकडून वर सरकत असेल तर 'अशक्तपणा असेल' म्हणून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. पुढे श्वासाचे स्नायूही थकू शकतात. माझे थकले, व्हेंटिलेटर लागला. आणि हो, रुग्णाला भेटल्याने जीबीएस होत नाही, तेव्हा निर्धास्त या.

आयसीयूबद्दल याहून जास्त लिहिणार नाही. ते दिवस माझे आणि माझ्या घरच्यांचे आहेत. फोटो, रिपोर्ट, खर्च यातलंही काही टाकणार नाही. कृपया नवऱ्याला फोन करून विचारू नका. तेच तेच सांगून तो फार दमलाय. घरातला कुणी याच आजाराने अॅडमिट असेल, तर मात्र मला जरूर लिहा. औषधांचं डॉक्टरच सांगतील, पण शेजारी बसणाऱ्याला काय करता येतं ते मी सांगू शकेन.

आता आभार. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना आधी विचारलंय, नावं कुणाचीच देत नाही.

माझ्या पापण्या मिटत नव्हत्या. रात्रपाळीच्या सिस्टर डोळ्यांत मलम घालून, पापण्या हलकेच खाली ओढून टेप लावायच्या आणि प्रत्येक वेळी आधी सांगायच्या, "ताई, आता अंधार होईल हं." मला बोलता येत नव्हतं, तरी त्या माझ्याशी बोलत राहिल्या. वॉर्डातल्या मावशी दर दोन तासांनी कूस बदलून द्यायच्या. अंगावर एक जखम झाली नाही, ती त्यांच्यामुळे. ताईने पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली होती. ती एकेका अक्षरावर बोट ठेवायची, हवं ते आलं की मी भुवई उचलायचा प्रयत्न करायची. एका शब्दाला कितीतरी वेळ लागायचा, पण तिने कधी माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकलं नाही. फिजिओथेरपिस्टने अंगठा हलला त्या दिवशी सगळ्या वॉर्डाला बोलावून दाखवला.

नवऱ्याने 'माझ्याबद्दल काही लिहू नकोस' म्हणून बजावलंय. त्याचे आभार घरातच मानते.

ऑफिसातल्या मंडळींनी माझं काम वाटून घेतलं आणि मला त्याबद्दल एकही प्रश्न येऊ दिला नाही. तुमचे खूप उपकार आहेत.

अजून लवकर थकते. फोनपेक्षा मेसेज करा, आणि उत्तराला उशीर झाला तर रागावू नका.