दूध-दही गरम आणि नासलेलं आलं, रिफंड हवाय

नमस्कार,

आज सकाळी ७ ते ८ च्या स्लॉटला मी २ लिटर दूध आणि ४०० ग्रॅम दह्याचा डबा मागवला होता, ऑर्डर आली पावणेअकराला, आणि पिशवी हातात घेतली तर चक्क कोमट लागली. आत ना बर्फाचा पॅक ना थर्मल बॅग, दूध सरळ साबणाच्या पुड्यांना चिकटून ठेवलेलं. दह्याच्या डब्याचं झाकण फुगलं होतं, उघडल्यावर फस्सकन हवा निघाली, वर पाणी सुटलेलं आणि वास इतका आंबट की चव बघायची हिंमतच झाली नाही. दूध लगेच तापत ठेवलं तर उकळी यायच्या आधीच फाटलं, दोन्ही पिशव्यांचं तेच. तारीख अजून ३ दिवस पुढची आहे, पण ती तारीख दूध ५ अंशाच्या आत थंड ठेवलं तरच खरी ना!

घरी दीड वर्षाचं बाळ आहे हो, न तापवता दिलं असतं तर? याचाच मला जास्त राग आलाय.

ॲपवर तक्रार टाकली तर "डिलिव्हरी यशस्वी" म्हणून १० मिनिटांत बंद केली, कोणी फोटोसुद्धा बघितले नाहीत. ते परत जोडलेत, फाटलेल्या दुधाचा व्हिडिओपण आहे.

मला कूपन नको, वॉलेटमध्ये पॉइंट नकोत, पूर्ण पैसे ज्या खात्यातून गेले तिथेच परत हवेत. आणि माल एवढा वेळ कुठे पडून होता ते लेखी कळवा. ४८ तासांत उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.

तुमची ३ वर्षांपासूनची ग्राहक