दत्तारामबाबांच्या निवृत्तीची सूचना : सुधारित मजकूर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

दत्तारामबाबांच्या निवृत्तीविषयी सर्वांना पाठवायच्या ई-मेलचा जो मसुदा आपण सोमवारी माझ्याकडे दिला होता, तो मी पुन्हा लिहिला असून सुधारित मजकूर या पत्राच्या शेवटी जोडला आहे. मूळ मसुदा दोन पानांचा होता. हाच मजकूर गेटजवळच्या फलकावरही लागणार आहे आणि पाळी बदलताना उभ्याउभ्या वाचला जाणार आहे, म्हणून तो निम्म्याहून कमी केला. मात्र काही वाक्ये मी लांबीसाठी नव्हे, तर ती खरी नसल्यामुळे काढली आहेत. त्यांची कारणे आपल्याला कळवणे मला आवश्यक वाटते.

मसुद्यात ‘चार दशकांची अखंड सेवा’ असे लिहिले होते. सेवापुस्तकाप्रमाणे ते 16 जून 1989 रोजी मदतनीस फिटर म्हणून रुजू झाले, म्हणजे 31 मार्च 2026 रोजी त्यांची सेवा 36 वर्षे साडेनऊ महिने भरते. हा आकडा काही लहान नाही, तो फुगवण्याची गरज नाही. ‘शेकडो तरुणांना घडवले’ याऐवजी शिकाऊ उमेदवारांच्या नोंदवहीत त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची जी संख्या मिळाली, ती 43 मी दिली आहे. त्यांपैकी सातजण आजही आपल्याकडे आहेत आणि ही सूचना तेही वाचणार आहेत.

पत्र्यांची जाडी मोजणारे अल्ट्रासॉनिक यंत्र त्यांनी यार्डात आणले, हेही बरोबर नाही. ते 2003 मध्ये तत्कालीन व्यवस्थापकांनी खरेदी केले. दत्तारामबाबांनी केले ते वेगळे आणि माझ्या मते अधिक मोलाचे आहे : त्यांनी प्रत्येक बार्जेच्या तळाच्या पत्र्यांची जाडी फ्रेमच्या क्रमांकानुसार एका वहीत लिहून ठेवण्याचा परिपाठ घातला. त्यामुळे बार्ज स्लिपवेवर चढण्यापूर्वीच, मागील मोजणीवरून, कोणता पत्रा बदलावा लागण्याचा संभव आहे हे सांगता येऊ लागले आणि पोलादाची मागणी वेळेवर नोंदवता येऊ लागली. पावसाळ्यात खनिजवाहतूक मंदावली की दुरुस्तीला एकाच वेळी गर्दी होते. त्या दिवसांत ही वही हाती असणे म्हणजे काय, हे आपण दोघेही जाणतो.

‘त्यांच्या कारकिर्दीत एकही अपघात झाला नाही’ हे वाक्य तर राहूच देता येणार नाही. 1998 मध्ये टाकीच्या आत वेल्डिंग करताना एक कामगार भाजला होता, आणि तो आज सेवेत नसला तरी त्याचा मुलगा आपल्या रंगकाम विभागात आहे. त्या घटनेनंतर आतील वायूची तपासणी होऊन परवाना चिठ्ठी हातात पडल्याशिवाय कोणालाही टाकीत उतरू न देण्याचा आग्रह दत्तारामबाबांनी धरला, कामाची घाई असताना वरिष्ठांचा रोषही ओढवून घेतला, आणि तो नियम आजवर टिकवला. खरे श्रेय हेच आहे. भाजलेल्या माणसाच्या घरच्यांना पुन्हा दुःख होऊ नये म्हणून मूळ घटनेचा तपशील मी मजकुरात घेतलेला नाही, फक्त नियमाचा उल्लेख केला आहे.

सर्वांत अवघड परिच्छेद खाणबंदीच्या काळाचा होता. सप्टेंबर 2012 मध्ये राज्यातील खाणकाम थांबले आणि मांडवी-झुवारीतील बार्जेस नांगरून पडल्या, तेव्हा ‘दत्तारामबाबांनी एकाही कामगाराची नोकरी जाऊ दिली नाही’ असे मसुदा म्हणतो. त्या काळात आपल्या यार्डातून अकरा जणांना जावे लागले होते, आणि ज्यांना जावे लागले त्यांचे भाऊबंद, शेजारी आजही येथे काम करतात. ते असे वाक्य वाचून काय म्हणतील, याची कल्पना करून पाहावी. दत्तारामबाबांनी मासेमारीच्या ट्रॉलरची दुरुस्ती घेण्याचे सुचवले, त्यासाठी फिटरांना लाकडी आणि फायबरच्या कामाची ओळख करून दिली, आणि त्या कामावर उरलेली मंडळी तगली. शिवाय त्या अकरा जणांची ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीची प्रकरणे पूर्ण होईपर्यंत ते स्वतः दर आठवड्याला लेखा विभागात येऊन बसत. मार्च 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या, तेव्हा हाच ट्रॉलरचा आधार उपयोगी पडला.

‘न भरून येणारी पोकळी’, ‘आधारवड कोसळला’ ही शब्दयोजना मी काढली. दत्तारामबाब ठणठणीत आहेत, आणि श्रद्धांजलीचा सूर वाचून त्यांना हसू आवरले नसते. ‘आता ते कुटुंबासमवेत विश्रांती घेतील’ हेही वगळले, कारण पुढे काय लिहू असे विचारले तेव्हा त्यांनी सावईवेऱ्यातील कुळागराचा तेवढा उल्लेख करण्यास संमती दिली आणि घरच्या गोष्टी नकोत असे स्पष्ट सांगितले. नावाच्या बाबतीतही त्यांचीच इच्छा पाळली आहे : यार्डात त्यांना ज्या नावाने हाक मारतात तेच नाव राहावे.

मजकूर त्यांना वाचून दाखवला आहे. ट्रॉलरच्या कामात त्यांनी स्वतःहून एक दुरुस्ती सुचवली, ती केली आहे : ती कल्पना त्यांची एकट्याची नव्हती, स्टोअर विभागाचीही होती. आपली मान्यता गुरुवारी दुपारपर्यंत मिळाल्यास शुक्रवारी सकाळच्या पाळीपूर्वी सूचना पाठवता येईल.

आपली नम्र,
माधवी
कार्मिक विभाग

विषय : दत्तारामबाब 31 मार्च रोजी निवृत्त होत आहेत

सर्व सहकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

आपले ज्येष्ठ फोरमन दत्तारामबाब मंगळवार, 31 मार्च 2026 रोजी निवृत्त होत आहेत. 16 जून 1989 रोजी ते मदतनीस फिटर म्हणून या यार्डात आले आणि गेली 36 वर्षे स्लिपवेवरील बहुतेक प्रत्येक कामावर त्यांची नजर राहिली.

बार्जेच्या तळाच्या पत्र्यांची जाडी फ्रेमनुसार नोंदवणारी जी वही आपण रोज उघडतो, ती त्यांनी सुरू केली. वायूची तपासणी आणि परवाना चिठ्ठी यांशिवाय टाकीत उतरायचे नाही, हा नियम त्यांनी कोणाचीही भीड न ठेवता सांभाळला. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा स्टोअर विभागासह त्यांनी ट्रॉलरदुरुस्तीची वाट शोधली. ज्या सहकाऱ्यांना त्या वेळी जावे लागले, त्यांची देणी पूर्ण मिळेपर्यंत त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. त्यांच्या हाताखाली 43 शिकाऊ उमेदवार तयार झाले. चुकीचे वेल्डिंग पुन्हा करायला लावताना ते आवाज चढवत नसत, शेजारी उभे राहत, हे त्या सर्वांना आठवत असेल.

1 एप्रिलपासून स्लिपवेचे काम सध्याचे सहायक फोरमन पाहतील. पत्र्यांच्या वह्या त्यांच्याकडे सुपूर्द झाल्या आहेत.

निरोपासाठी मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता फिटिंग शेडमध्ये जमावे. चहा आणि अल्पोपाहार ठेवला आहे, भेटवस्तू आणू नयेत अशी त्यांची विनंती आहे. ज्यांना काही सांगायचे असेल त्यांनी दोन शब्द अवश्य बोलावेत.

पुढचा मुक्काम सावईवेऱ्यातील कुळागरात असेल. पावसाळ्यापूर्वी तेथील पाटाची दुरुस्ती करायची असल्याचे त्यांनी कळवले आहे, आणि मदतीला येणाऱ्यांचे स्वागत आहे.

दत्तारामबाब, आपले मनःपूर्वक आभार.

व्यवस्थापक