घरमालकांना आभाराचे पत्र

प्रिय काका-काकू,
सप्रेम नमस्कार.

वर्षभर वरची खोली अगदी घरच्यासारखी वापरू दिलीत, मनापासून आभार. जानेवारीत रेडिएटर वरून गारच राहायचा, तेव्हा काकांनी त्याच रात्री चावीने आतली हवा काढली आणि घसरलेला बॉयलरचा दाब पुन्हा 1.5 बारवर आणला. ऐन परीक्षेत केवढा आधार झाला!

खोली काल रिकामी केली. दोन्ही किल्ल्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर आहेत. वीजमीटरचा आकडा 4218. फ्रिज बंद करून दार किंचित उघडं ठेवलंय, नाहीतर आत बुरशी धरते. बाथरूमच्या खिडकीखालचं सिलिकॉन मात्र बोटभर सुटलंय. थंडीआधी भरून घ्या, पाणी भिंतीत मुरेल.

अनामत रक्कम जुन्याच खात्यात पाठवावी.

तुमची,
मानसी