वाटीतलं पाणी

टोकियोच्या निशी-कसाईतली रणजितची खोली सहा ताटामी चटयांएवढी, म्हणजे जेमतेम १० चौरस मीटर. इमारत लाकडी, दुमजली, तो वरच्या मजल्यावर. गादी अंथरली की जमीन संपते. गुंडाळली की दोन मीटर लांब आणि हात पसरण्याएवढी रुंद पट्टी मोकळी होते. एका माणसाच्या जोराला तेवढी पुरते.

कोल्हापूरच्या तालमीत एकोणिसाव्या वर्षी तो दोनशे जोर आणि चारशे बैठका मारायचा. मग नोकरी, मग जपान. पुण्याच्या टीमचे संध्याकाळी सहाचे कॉल इथे रात्री साडेनऊला येत, आणि व्यायामाची वेळ ठरवून ठरवून मोडत गेली. एका शनिवारी त्याने सवय नोंदवायचं ॲप लिहायला घेतलं. रात्रीपर्यंत आलेख, आठवणीची घंटा आणि काळी थीम तयार झाली. जोर शून्य.

रविवारी त्याने सरळ शंभर बैठका मारल्या. मंगळवारी स्टेशनचा जिना उतरताना कठडा धरून, तिरकं होऊन, एकेक पायरी. मांड्या दगड झाल्या होत्या. शेवटी त्याने वस्तादांना फोन लावला.

"किती मारल्यास?"

"शंभर."

"नऊ वर्सांनी? लेका, अंगाला इसरायला येळ लागतो, तसा आठवायलाबी लागतो. पाच जोर, धा बैठका. पंधरा दिवस. सहावा मारलास तर मला फोन करू नगंस."

"वस्ताद, पाच जोरात घामसुद्धा येणार नाही."

"घाम कुणी मागितलाय? रोज गादी गुंडाळतोस का न्हाई?"

तेवढंच सूत्र धरलं. सव्वासहाला गादी गुंडाळायची आणि ती कपाटात जाण्याआधी पाच जोर. कपाट बंद झालं की लॅपटॉप उघडतो, हे त्याला स्वतःबद्दल ठाऊक होतं. कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघ. ॲप पुसून टाकलं.

चौथ्या दिवशी मनगटं बोलू लागली. दिवसभर कीबोर्डवर आखडलेलं मनगट सपाट जमिनीवर काटकोनात वाकतं, आणि जोरात छाती पुढे गेली की त्याहूनही जास्त. त्याने दोन लाकडी ठोकळे आणले. मुठीत धरले की मनगट सरळ राहतं. पहिल्याच सकाळी डावा ठोकळा जमिनीवर सरकला आणि हनुवटी आपटता आपटता वाचली. शंभर येनच्या दुकानातली, कपाटाच्या फळीवर घालायची जाळीदार रबरी चादर कापून खाली चिकटवली, तेव्हा ठोकळे जागचे हलेनात.

पंधरा दिवसांनंतर दर चौथ्या दिवशी एक जोर आणि दोन बैठका वाढवायच्या, असा वस्तादांचा हुकूम होता. वीस बैठकांवर आला आणि टपालपेटीत चिठ्ठी पडली. ऑफिसातल्या सहकाऱ्याने वाचून दाखवली: पहाटे छतावर ठोके ऐकू येतात, कृपया काळजी घ्यावी.

खालच्या आजीबाई. त्याने आधी एक सेंटिमीटर जाडीच्या फोमच्या चौकटी अंथरल्या. आठवड्याने दुसरी चिठ्ठी. पातळ फोम टकटक शोषून घेतो. वजन पडल्याचा धप्प आवाज त्याच्या आरपार जाऊन तुळयांत उतरतो.

मग त्याने हा दोष शोधायचा ठरवला, बग शोधावा तसा. स्टीलच्या वाटीत काठोकाठ पाणी भरून ती पट्टीच्या टोकाला ठेवली. जोर मारले, पाणी जवळजवळ स्थिर. बैठका मारल्या, प्रत्येक वेळी वर येताना वर्तुळं. उठताना तो टाचा उचलत होता आणि सरळ उभा राहताच त्या आदळत होत्या. तालमीच्या लाल मातीत ही खोड कधी दिसलीच नव्हती. माती सगळं पोटात घालते.

उपाय दोन. तीन मोजत खाली जायचं, दोन मोजत वर. टाच उचललीच तर आधी बोटांवर तोल, मग तळवा, शेवटी टाच, जणू खाली मांजर झोपलंय. वीस बैठका पूर्वीच्या साठांएवढ्या जड झाल्या. वेग घ्यायला सवडच नाही, त्यामुळे गुडघे पुढे कलंडणंही थांबलं. तिसरी चिठ्ठी आली नाही.

अडीच महिन्यांनी, एका सकाळी, तो अठ्ठाविसाव्या बैठकीत तळाशी बसलेला असताना वाटीतलं पाणी थरथरलं. टाच तपासली, जमिनीलाच होती. दिव्याची दोरी डोलू लागली, कपाटाचं दार किरकिरलं.

भूकंप लहानसा होता. दोरी थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग दोन मोजत वर आला आणि एकोणतिसावी धरली.