आईच्या औषधांचा वेळेवार तक्ता – वहिनींसाठी

वहिनी, रुग्णालयातून मिळालेल्या कार्डावर आईची सगळी औषधे एकाच सलग परिच्छेदात लिहिलेली आहेत आणि त्यांचा क्रम आजारांप्रमाणे आहे, म्हणजे आधी हृदय, मग साखर, मग थायरॉइड. तुम्हाला मात्र सकाळी साडेसहा वाजता कोणती गोळी हातात घ्यायची हे कळायला हवे, म्हणून तोच मजकूर मी घड्याळाप्रमाणे लावून दिला आहे. मूळ इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरवून आधी दिला आहे, कारण तक्त्यातली एखादी ओळ खटकली तर ती कुठून आली हे तुम्हाला तपासता यावे.

कार्डावरचा मजकूर

"रुग्णाने अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम आणि क्लोपिडोग्रेल ७५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा जेवणानंतर घ्यावे, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम रात्री झोपताना, मेटोप्रोलॉल एक्सएल २५ मिलिग्रॅम सकाळी आणि टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा घ्यावे. ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम नाश्त्याच्या लगेच आधी, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दोन वेळा खाण्यानंतर, पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम नाश्त्यापूर्वी अर्धा तास, थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम सकाळी उपाशीपोटी, कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम एक वेळ, व्हिटॅमिन डी ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्यातून एकदा ८ आठवडे, उजव्या डोळ्यातील लॅटॅनोप्रोस्टचा थेंब पूर्वीप्रमाणे रात्री. छातीत दुखल्यास सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम जिभेखाली. रक्तदाबाची औषधे चालू ठेवावीत. १५ दिवसांनी तपासणी."

या मजकुरातल्या तीन गोष्टी मी स्वतः ठरवल्या नाहीत. डॉक्टरांना फोन करून विचारल्या. "रक्तदाबाची औषधे चालू ठेवावीत" म्हणजे घरी आधीपासून असलेली अ‍ॅम्लोडिपिनची गोळीही द्यायची का, असे विचारल्यावर तिच्याऐवजी आता टेल्मिसार्टन आहे आणि अ‍ॅम्लोडिपिन बंद करायचे आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. टेल्मिसार्टन सकाळी द्यायचे आणि अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल व कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर द्यायचे, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घेतले आहे.

रोजचा तक्ता

| वेळ | औषध | किती | कसे द्यायचे |
|---|---|---|---|
| सकाळी ६:३० | थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम | १ गोळी | उपाशीपोटी, फक्त साध्या पाण्याबरोबर. चहा ७:१५ नंतर. |
| सकाळी ८:०० | पँटोप्राझोल ४० | १ गोळी | नाश्त्याच्या अर्धा तास आधी. अख्खी गिळायची. |
| सकाळी ८:२५ | ग्लिमेपिराइड १ | १ गोळी | नाश्त्याची ताटली समोर आल्यावरच. |
| सकाळी ८:४५ | मेटफॉर्मिन ५०० | १ गोळी | नाश्ता झाल्यावर. |
| सकाळी ८:४५ | मेटोप्रोलॉल एक्सएल २५ | १ गोळी | नाश्ता झाल्यावर. चुरायची किंवा चावायची नाही. |
| सकाळी ८:४५ | टेल्मिसार्टन ४० | १ गोळी | वरच्या दोन गोळ्यांबरोबरच. |
| दुपारी १:३० | अ‍ॅस्पिरिन ७५ | १ गोळी | जेवणानंतर. अख्खी गिळायची. |
| दुपारी १:३० | क्लोपिडोग्रेल ७५ | १ गोळी | जेवणानंतर. |
| दुपारी १:३० | कॅल्शियम ५०० | १ गोळी | जेवणानंतर. सकाळी कधीच नाही. |
| रात्री ८:३० | मेटफॉर्मिन ५०० | १ गोळी | जेवणानंतर. |
| रात्री १०:०० | अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० | १ गोळी | झोपण्यापूर्वी. |
| रात्री १०:०० | लॅटॅनोप्रोस्ट थेंब | १ थेंब | फक्त उजव्या डोळ्यात. |

दिवसभरात गोळ्या ११ आणि थेंब १. सकाळच्या चार वेळांना मिळून ६, दुपारी ३ आणि रात्री २ अशी ही बेरीज आहे. रविवारी रात्री आठवड्याच्या डबीत गोळ्या भराल, तेव्हा प्रत्येक वाराच्या रांगेत ११ गोळ्या आहेत ना, एवढे मोजून पाहिले तरी पुरे. कमी किंवा जास्त भरल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी शोधाशोध करण्यापेक्षा तक्ता उघडून तेव्हाच जुळवून घ्यावे.

आठवड्यातून एकदा

व्हिटॅमिन डीची कॅप्सूल फक्त रविवारी, दुपारच्या जेवणानंतर द्यायची आहे. ही कॅप्सूल रोजच्या डबीत ठेवूच नका. ६०,००० युनिट ही आठवड्याची मात्रा आहे. चुकून ती रोज घेतली गेली तर रक्तातले कॅल्शियम वाढून माणूस गंभीर आजारी पडू शकतो. ती पाकिटासह देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आहे. दिल्यावर खालच्या चौकटीवर खूण करावी आणि आठवी खूण झाली की औषध संपले असे समजावे. दुकानातून पुन्हा आणायचे नाही.

रविवार: १ ☐  २ ☐  ३ ☐  ४ ☐  ५ ☐  ६ ☐  ७ ☐  ८ ☐

सकाळच्या वेळा अशा का आहेत

सकाळच्या चार वेळा तुम्हाला जाचक वाटतील हे मला ठाऊक आहे, कारण त्याच वेळी डबे आणि मुलांची शाळा असते. तरीही त्या एकत्र करता येत नाहीत. थायरॉक्सिन रिकाम्या पोटीच नीट शोषले जाते आणि चहा, दूध किंवा खाणे लगेच झाले तर गोळी पोटात जाऊनही तिचा पुरेसा उपयोग होत नाही. आईला उठल्याउठल्या चहा लागतो, म्हणून गोळी आणि पाण्याचा तांब्या रात्रीच तिच्या उशाशी ठेवावा आणि चहाचे आधण सातनंतरच चढवावे. कॅल्शियम तर थायरॉक्सिनला पोटातच अडवते. दोन्हींत किमान चार तासांचे अंतर हवे असते, म्हणूनच ते दुपारी गेले.

ग्लिमेपिराइडबाबत मात्र घड्याळापेक्षा ताटलीकडे पाहा. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग खाणे झालेले असो वा नसो. पोहे वाढून ताटली समोर आली, आईने खायला सुरुवात करायची तयारी दाखवली, की गोळी द्यावी. तिने "आज नको" म्हटले, उलटी झाली किंवा नेहमीच्या निम्मेही खाल्ले जाणार नाही असे दिसले, तर गोळी न देता आधी मला किंवा डॉक्टरांना फोन करावा. येत्या संकष्टीला ती चंद्रोदयापर्यंत उपवासाचा हट्ट धरील. डॉक्टरांनी सध्या उपवास पूर्ण बंद सांगितले आहेत आणि हे मी तिला फोनवर सांगितले आहे, त्यामुळे तो वाद तुमच्या अंगावर घेऊ नका.

साखर उतरली तर घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणे असंबद्ध होते. आईच्या बाबतीत मेटोप्रोलॉलमुळे थरथर आणि धडधड झाकली जाऊ शकते. घाम मात्र येतो. म्हणून विनाकारण दरदरून घाम आला किंवा ती गोंधळल्यासारखी वाटली तर ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ७० पेक्षा कमी असेल आणि ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडावाटे काहीही न देता १०८ वर फोन करावा.

गोळ्या चुरण्याबद्दल

आई मोठ्या गोळ्या चमच्याने चुरून मधातून घेते. ही सवय आता सोडवावी लागेल. मेटोप्रोलॉल एक्सएल दिवसभर हळूहळू विरघळेल अशी बनवलेली असते. ती चुरली तर सगळे औषध एकदमच अंगात जाते आणि रक्तदाब व नाडी खाली येऊ शकतात. पँटोप्राझोल आणि अ‍ॅस्पिरिनवरचे आवरणही तसेच कामाचे आहे. घशात अडकते अशी तिची तक्रार असेल तर एका वेळी एकच गोळी, ताठ बसून, भरपूर पाण्याबरोबर द्यावी.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल

स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून या दोन गोळ्या आहेत आणि हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्यांतली एकही एक दिवसही बंद करायची नाही, मग दाताचे डॉक्टर सांगोत किंवा शेजारच्या काकू. आईचे गुडघे दुखू लागले की दादा दुकानातून दुखण्याची गोळी आणतो. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेली कोणतीही गोळी आता घरात आणू नये, कारण या दोन औषधांबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौच काळी झाली, लघवीतून रक्त गेले किंवा नाकाचे रक्त थांबेना, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

छातीत दुखले तर

सॉर्बिट्रेट तक्त्यात नाही, कारण ते रोजचे नाही. आईला आधी खुर्चीवर बसवावे, उभे ठेवू नये, कारण या गोळीने रक्तदाब उतरून चक्कर येते. एक गोळी जिभेखाली ठेवावी, गिळायला सांगू नये. पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही तर दादाची वाट न पाहता १०८ लावावा. ही गोळी तिच्या खोलीतल्या निळ्या डबीत आहे आणि दुसरी पट्टी तिच्या पर्समध्ये ठेवली आहे.

डोळ्याचा थेंब

थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक मिनिट हलका दाबून धरावा. नवी बाटली उघडाल त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहावी आणि चार आठवड्यांनी ती टाकून द्यावी, आत औषध उरले असले तरी.

कपाटातून काढायच्या पट्ट्या

दोन जुन्या पट्ट्या वेगळ्या पिशवीत बांधून दादाकडे द्या. एक अ‍ॅम्लोडिपिन ५ ची. दुसरी साखरेची, जिच्यावर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन ही दोन्ही नावे एकाच गोळीसाठी छापलेली आहेत. ती आई बऱ्याच वर्षांपासून घेत होती आणि सवयीने मागेल. पण नव्या दोन वेगळ्या गोळ्यांबरोबर ती दिली तर दोन्ही औषधांचा डोस वाढेल. दुकानदाराने पर्यायी कंपनीची पट्टी दिली तर पुढच्या बाजूच्या मोठ्या नावावर न जाता मागे बारीक अक्षरात लिहिलेले औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम तक्त्याशी जुळवावे, आणि न जुळल्यास मला फोटो पाठवावा.

एखादी वेळ चुकली तर

चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून कधीही देऊ नये. दुपारच्या गोळ्या संध्याकाळी पाचला आठवल्या तर काहीतरी खाऊन तेव्हा द्याव्यात. रात्री झोपताना आठवल्या तर राहू द्याव्यात आणि वहीत लिहावे. ग्लिमेपिराइड नाश्त्याला चुकले तर त्या दिवशी ते द्यायचेच नाही.

रात्री दहाची वेळ दादाची आहे, तुमची नाही, असे त्याच्याशी बोलून ठरवले आहे. त्याने गोळी आणि थेंब दिल्यावर वहीत सही करावी, म्हणजे तुम्ही "दिली का?" असे विचारायला उठणार नाही आणि दोघांकडून मिळून ती दोनदा दिली जाणार नाही.

तपासणीला जाताना हा कागद, वही आणि चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घेऊन जा. डॉक्टरांनी काही बदलले तर याच कागदावर खाडाखोड करू नका. नवे कार्ड मला पाठवा, मी त्याच संध्याकाळी नवा तक्ता तारीख घालून पाठवीन आणि तो मिळाला की हा फाडून टाका.